नक्कीकाकू आणि टाकीचा ठराव

दाराला कुलूप लावलं की ती ते एकदा ओढून बघायची, जिन्याच्या वळणापर्यंत उतरायची आणि परत वर येऊन पुन्हा ओढायची. रोज. शेजारच्यांना याची इतकी सवय झाली होती की कुलपाचा दुसरा आवाज आला की ते म्हणायचे, आता निघाली बघा. कुणी काही सांगितलं की तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "नक्की?" म्हणून बिल्डिंगमध्ये तिला नक्कीकाकू म्हणत. पाठीमागे अर्थात. तिला ते माहीत होतं. कुणी सुरू केलं याचाही तिला पक्का संशय होता.

सगळी नोकरी तिने एका कचेरीत बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात काढली. माणसं बोलतात खूप आणि ठरवतात थोडं, हे ती तिथे शिकली. निवृत्त झाल्यावर सोसायटीने तिला सेक्रेटरी केलं, तेही याच गुणासाठी. पण आता बैठका होत नव्हत्या. पाच जणांच्या कमिटीचं सगळं फोनवरच्या ग्रुपमध्ये चालायचं. सुप्रभात, विनोद, गाडी कुणी आडवी लावली त्यावरून रुसवे, आणि त्यातच कुठेतरी निर्णय. एखाद्या गोष्टीला तिघांचा होकार आला की ते ठरलं, असा नियम.

चेअरमनना गेल्या काही महिन्यांचे निर्णय नोटीसबोर्डवर हवे होते. काकूच्या डोळ्यांना आताशा फोनवरची बारीक अक्षरं दाद देत नव्हती. तिच्याकडे शिकायला राहिलेली भाची म्हणाली, "आत्या, मी ग्रुपमधलं सगळं एका फाइलमध्ये काढते. कॉम्प्युटर सारांश करून देईल. ठरलेलं एकीकडे, नुसत्या गप्पा एकीकडे."

"त्याला काय कळणार कोण मनापासून बोललं ते?"

"तुला तरी कुठे कळतं? तुझा कुणावरच विश्वास नसतो."

सारांश झाला, आणि चेअरमनच्या तगाद्याला कंटाळून भाचीने तो त्यांना परस्पर पाठवूनही दिला. काकूने तो वाचला दुसऱ्या दिवशी, चष्मा पुसून पुसून. 'झालेले निर्णय' याखाली पहिलंच वाक्य होतं: तळमजल्यावरच्या पाळणाघराची खोली पुढच्या महिन्यात रिकामी करून घ्यावी. संमती – चेअरमन, डॉक्टरीणबाई, सेक्रेटरी.

सेक्रेटरी म्हणजे ती स्वतः.

"मी? मी कधी हो म्हटलं?"

ती तशीच खाली उतरली. कुलूप त्या दिवशी एकदाच ओढलं. पाळणाघरातली ताई भिंतीवरची चित्रं उतरवत होती. बारा पोरं झोपली होती आणि ती टाचण्या आवाज न करता डबीत टाकत होती.

"सकाळी चेअरमन निर्णयांचा कागद दाखवून गेले," ती हळूच म्हणाली. "तुमचं नाव बघितलं त्यात. म्हटलं, काकूंनी होकार दिला म्हणजे विचार करूनच दिला असणार."

खाली पडलेली एक टाचणी उचलून काकूने डबीत टाकली आणि ती परत फिरली. वर येताना मात्र एकेका पायरीवर एकेक माणूस संशयाखाली आला. चेअरमनना ती खोली व्यायामाच्या यंत्रांसाठी हवी होती, हे जगजाहीर. डॉक्टरीणबाई हल्ली त्यांच्याशी फार गोड बोलतात. आणि भाची? सारांश तिने का पाठवला, मला न विचारता?

"फाइल दाखव," ती म्हणाली. "सारांश नको. मूळ."

भाचीने दाखवली. तारीख, वेळ, नाव, मजकूर, एकाखाली एक. चेअरमन लिहीत होते: पाळणाघराची खोली पुढच्या महिन्यात रिकामी करून घ्यावी असं मला वाटतं. त्याखाली डॉक्टरीणबाई: हो, चालेल, करून टाका. त्याखाली काकू स्वतः: ठीक आहे, नोंद घेते. आणि त्याच्याही खाली, चेअरमनच्या नावापुढे, 'हा मेसेज डिलीट केला आहे'.

"बघ," काकूचा आवाज बारीक झाला. "पुसलंय काहीतरी. यात हात घातलाय कुणीतरी."

"आत्या, फाइल मी काढली. माझ्याच फोनवरून, तुझं खातं जोडून."

"म्हणूनच विचारते."

भाचीने स्क्रीन काकूकडे वळवली. तिला लागलं होतं. काकूला ते कळलं, पण माघार घ्यायची सवय नव्हती. तिने सारांश पुन्हा पुढे ओढला. 'नुसती चर्चा, निर्णय नाही' या सदरात सगळ्यात वर होतं: गच्चीवरची टाकी धुवायला माणूस बोलवावा का. विचारणारे, कमिटीतले वरच्या मजल्यावरचे मास्तर. प्रतिसाद – नाही.

काकू थांबली.

"टाकी तर धुऊन झाली," ती म्हणाली. "माणूस मीच बोलावला. कुणी हो म्हटल्याशिवाय मी बोलावला असता?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भाचीने फोन उघडला आणि ग्रुपमध्ये मागे मागे जात तो दिवस शोधला. फोनवर तेच शब्द होते, तोच क्रम. पण डॉक्टरीणबाईंच्या 'हो, चालेल'च्या डोक्यावर एक छोटी राखाडी चौकट होती आणि चौकटीत मास्तरांचा सकाळचा प्रश्न: टाकी धुवायला माणूस बोलावू का? काकूच्या 'ठीक आहे'वरही तीच चौकट.

"कशाला उत्तर दिलं ते इथे दिसतं," भाची सावकाश म्हणाली. "फाइलमध्ये ही चौकट येतच नाही. मधे चेअरमनचा मेसेज पडला, आणि तुमची उत्तरं त्यालाच चिकटली."

"म्हणजे टाकीचा होकार खोलीला गेला."

"हो. आणि 'मला वाटतं' हे नुसतं मत असतं, हेही मी कॉम्प्युटरला सांगायला हवं होतं. प्रत्येक निर्णयासमोर प्रश्न कोणता आणि होकाराचे शब्द कोणते, ते मागायला हवं होतं. म्हणजे निदान खटकलं असतं."

"तरी फोनवर ताडून बघावं लागलं असतं."

"लागलं असतं," भाचीने कबूल केलं.

काकूने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "चहा टाक. माझ्यातही साखर घाल आज." माफी मागायची तिची एवढीच रीत होती.

संध्याकाळी ती फोन घेऊन चेअरमनच्या दारात उभी राहिली.

"अहो, तुम्हीच तर 'ठीक आहे' लिहिलंत," ते म्हणाले.

"टाकीला लिहिलं. ही चौकट वाचा."

त्यांनी वाचली, फोन लांब धरून, मग जवळ धरून. "मग माझं म्हणणं?"

"ते मतांमध्ये लिहिते. ठरावात नाही. आणि तुम्ही पुसलंत काय ते?"

चेअरमन ओशाळले. "नातीने पाठवलेलं मांजर होतं. टोपी घातलेलं. चुकून इकडे पडलं."

"नक्की?"

"काकू, मांजराबद्दल कशाला खोटं बोलू?"

तिने मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही. शेवटपर्यंत ठेवला नाही.

रविवारी तिने कमिटीला जिन्याखाली खुर्च्या टाकून समोरासमोर बसवलं. प्रश्न एकच ठेवला, मोठ्याने वाचला आणि प्रत्येकाला त्याच्या तोंडाने उत्तर द्यायला लावलं. डॉक्टरीणबाई "राहू दे की पाळणाघर" म्हणाल्या, तर तेही त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. चेअरमन आणि आणखी एक जण विरुद्ध गेले. खोली राहिली. ताईने चित्रं पुन्हा लावली; एक उलटं लागलं, ते तसंच राहिलं.

पुढे गुडघे धरले तेव्हा काकू मुलाकडे राहायला गेली, ती परत आली नाही. जायच्या दिवशी गाडी फाटकात उभी होती. ताई कडेवर एक पोर घेऊन निरोपाला आली आणि तिचे डोळे भरले. काकूने काच खाली केली.

"टाकी धुतली म्हणतात खरी," ती म्हणाली. "तरी पोरांना पाणी गाळूनच देत जा."