दहा चिंचोके

"काका, आज किती झाले?" दुकानाची फळी उघडली की पहिलं गिऱ्हाईक तोच चिमुरडा पोरगा, मुठीत चिंचोके घेतलेला.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, तेलंगणातल्या वांकिडीच्या बाजारात माझं बियाण्याचं दुकान आहे. आमच्या पाकिटांवर पोरापेक्षा मोठं कारलं छापलेलं असतं आणि खाली 'हमखास उगवण'. ही हमी लिहिणाऱ्याने कधी माती चिवडली असेल, असं वाटत नाही.

तो शेजारच्या घरी मामाकडे राहायला आला होता. बापाने त्याच्या मायला मंचेरियलच्या दवाखान्यात नेलं, त्या सकाळी तिने रात्रभर भिजवलेलं कारल्याचं एक बी माझ्या दुकानामागे बोटाच्या पेराएवढं खोल लावलं. म्हणाली, "दहा दिवसात वर येते. तवा मी बी येतो. उकरू नको."

त्याला मराठीत तीनपर्यंत मोजता यायचं, शाळेतल्या तेलुगूत चारपर्यंत. दोन्ही मिळून सात, असा त्याचा दावा. मी दहापर्यंत शिकवलं आणि एक डबा दिला. पाणी घातलं की एक चिंचोका टाकायचा.

पाचव्या संध्याकाळी तो डबा घेऊन आला.

"दहा झाले. कारलं नाई, माय बी नाई."

"पाणी कितीदा घालतोस?"

"सकाळी एकदा, सांजेला एकदा."

मी पाच चिंचोके काढून घेतले. सांगितलं, झोपून उठलास की एक दिवस. आणि पाणी एकदाच घाल. काळ्या मातीत चिखल झाला तर बी गुदमरून सडतं.

"मंग वर काऊन दिसत नाई?"

"आधी मूळ खाली जातं. उकरलंस तर तेच तुटेल."

त्याचं लक्ष माझ्या मुठीकडे. "दिवस वापस घेता येते?"

मी हसलो.

नवव्या सकाळी माती तडकली होती. फटीतून वाकलेला हिरवट गुडघा वर आला होता. दुपारपर्यंत तो सरळ झाला, टोकाला टरफल टोपीसारखं अडकलेलं. ते ओढायलाही त्याने कुणाला हात लावू दिला नाही. "उद्या माय."

दहाव्या दिवशी तो मामीचा हात धरून बसस्टँडवर दिवेलागणीपर्यंत बसला. मंचेरियलहून आलेल्या प्रत्येक गाडीचं दार त्याने पाहिलं.

दुसऱ्या सकाळी रोपावर मातीचा ढीग होता आणि त्याच्या बोटांना माती. त्याने माझ्या तळहातावर पाच चिंचोके ठेवले.

"हे तुमी ठेवा. जास्त मोजले म्या. अजून उगवलं नाई."

दुपारी मामाला फोन आला. माय पहाटेच वारली होती. मामा त्याला मंचेरियलला घेऊन गेला. बापाने त्याला तिकडूनच चंद्रपूरला आत्याकडे नेलं. तो पुन्हा आला नाही.

माती मी बाजूला केली. टरफल गळून दोन पानं उघडली होती. आता वेल दुकानाच्या छपरावर चढलाय, कारली पिकून तडकतात, लाल बिया खाली पडतात. गिऱ्हाईक विचारतं, "शेटजी, ही कारली विकत काऊन नाई?"

त्याने ठेवायला दिलेले पाच चिंचोके गल्ल्यात आहेत.