बत्तीस दिवस

"टेप काय, कुणीही धरतं हो, ताई!"

"मग तुम्ही धरा. उद्या जा त्या वसतिगृहाच्या खानावळीत, ओल्या फरशीवर गुडघे टेकून नाल्याचा उतार मोजा आणि सांगा मला."

"ग्राहकच फोटो काढून पाठवेल. मोबाइल आहे ना त्याच्याकडे!"

"फोटोत दाराची रुंदी दिसते. दारामागे पाइप आडवा आलाय ते दिसतं का? यंत्र गेलं तिथपर्यंत आणि दारातच अडकलं, तर ते काय फोटोतून आत ढकलणार?"

विक्री मॅनेजरांच्या केबिनमधून ताईंचा आवाज काचेपलीकडे जाऊन तीन टेबलं ओलांडून पोहोचला होता. पलीकडची माणसं माना खाली घालून कान वर करून बसली होती.

कंपनी मोठमोठ्या स्वयंपाकघरांसाठी भांडी धुण्याची यंत्रं बनवायची. दवाखाने, वसतिगृहं, कारखान्यांच्या खानावळी असे ग्राहक. विक्रीचे मॅनेजर पस्तिशीचे, हुशार, बोलताना हातात मार्कर लागायचाच. माघारी सगळे त्यांना 'फळा' म्हणत. या तिमाहीत दोन नवे विक्रेते घ्यायचे, आणि त्यांच्या पगाराची सोय म्हणून माप घेणाऱ्याची जागा काढून टाकायची, असा त्यांचा बेत होता. हा माप घेणारा म्हणजे टेपवाला. छप्पन्न वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा, "जरा दाराशी बोलून येतो" म्हणत निघणारा. दोन वर्षांनी तो रीतसर निवृत्त होणार होता. आता मात्र शुक्रवारच्या बैठकीत मालक ठरवतील तेच.

आणि ताई? ताई कोटेशनच्या टेबलाच्या. बावीस वर्षं. त्यांनाही माघारी नाव होतंच: दोनदा-ताई. गॅस बंद केला का ते दोनदा बघणार, कुलूप दोनदा ओढणार. धाकटी बहीण म्हणायची, "तुझ्या हातची भाजी आवडते गं मला, पण तू मीठ चाखून परत चाखेपर्यंत ती गार होते." ताई हसायच्या. हसून पुन्हा चाखायच्या.

"हे बघा," फळ्यांनी मार्कर उघडला. "भांडायचं कशाला? गणित आहे. हातात किती ग्राहक, गुणिले सरासरी सौदा केवढा, गुणिले शंभरातले किती जिंकतो, भागिले पहिल्या चौकशीपासून सही होईपर्यंत किती दिवस. उत्तर येतं ते रोजचं उत्पन्न. विक्रीचा वेग. चौऱ्याऐंशी ग्राहक, चार लाख, पंचवीस टक्के, नव्वद दिवस. रोजचे त्र्याण्णव हजार. माणसं वाढवली की ग्राहक वाढतील, वेग वाढेल. संपलं."

"रोजचे त्र्याण्णव हजार येतात आपल्याकडे?"

फळ्यांनी आकड्याखाली पुन्हा एक रेघ ओढली.

"मागच्या नव्वद दिवसांत पंधरा सौदे झाले," ताई म्हणाल्या. "चार लाखांनी साठ लाख. दिवसाचे सदुसष्ट हजारसुद्धा पुरते होत नाहीत. मग तुमचे बाकीचे सव्वीस हजार राहतात कुठे?"

"...म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या चौऱ्याऐंशीतले चोवीस मेलेत. सहा सहा महिने फोन उचलत नाहीत, आणि तुम्ही त्यांना फळ्यावर जेवू घालताय."

काचेपलीकडे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. फळ्यांनाही हसू आलं. माणूस वाईट नव्हता. "बरं, साठ धरू. पण टेपवाल्याला वाचवायचं असेल तर आकडे आणा, ताई. माया नको."

ताईंनी आकडे आणायचं ठरवलं.

प्रत्येक फाइलच्या पुठ्ठ्यावर तारखा असायच्या: चौकशी आली, माप झालं, नकाशा झाला, कोटेशन टेबलावर आलं, बाहेर गेलं, सही झाली. ही पद्धत ताईंनीच घातलेली. बुधवारी दुपारी डबा अर्धवट ठेवून त्या साठ फाइली घेऊन बसल्या.

आधी त्यांनी चारही गोष्टी एकेक करून हलवून बघितल्या. वरच्या तीन गोष्टींतली कुठलीही दहा टक्क्यांनी वाढवा, उत्तर दहा टक्क्यांनीच वाढत होतं. दिवस दहा टक्क्यांनी घटवले तर अकरा. एवढाच फरक! सूत्र कुणाची बाजू घेत नव्हतं. मग खरा प्रश्न सूत्रात नव्हताच. कुठली गोष्ट खरोखर हलते, किती हलते, आणि ती हलवताना दुसरी कुठली घसरते, हे फाइलींना विचारायला हवं होतं.

नवे विक्रेते? मागे प्रदर्शनातून नावं गोळा केली होती तेव्हा ग्राहक वाढले होते, पण त्यांतले निम्मे नुसते यंत्र कसं चालतं ते बघायला आलेले. साठाचे पंचाहत्तर झाले आणि जिंकणं पंचविसाचं वीस टक्क्यांवर आलं, तर? ताईंनी गुणाकार केला. नेमके तेच सदुसष्ट हजार. दोन पगार जास्त, आणि वेग जिथल्या तिथे.

सूट? दहा टक्के सूट दिली तर सौदा चार लाखांवरून तीन साठवर. जिंकणं फार तर अठ्ठावीस टक्क्यांवर जाईल. रोजचे पाचशे जास्त, तेही नफ्यातून कापून. टेपवाल्याला काढणं? साठापैकी तो पंचेचाळीस ठिकाणी गेला होता, त्यांतले चौदा सौदे झाले. तो गेला नाही अशा पंधरांपैकी एक.

ताई खूश झाल्या. आता राहिले दिवस.

नव्वद दिवसांचे तुकडे पाडायला त्यांनी कागदावर रेघा ओढल्या. चौकशी ते माप: नऊ. माप ते नकाशा: चौदा. ग्राहक निर्णय घेतो ते: पस्तीस. आणि मधले...

त्यांनी बेरीज पुन्हा केली. अर्थातच.

बत्तीस. त्यांच्या टेबलावर.

अकरा वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या कोटेशनमध्ये ताईंच्या हातून एक शून्य गळलं होतं. ग्राहकानं त्याच दिवशी सही केली. मालकांनी शब्द पाळला, यंत्रं दिली, तोटा गिळला. ताईंना एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त नियम लागला: कोटेशन एकदा तपासायचं, आठ दिवस मुरू द्यायचं, मग थंड डोक्यानं पुन्हा तपासायचं, आणि गुरुवारी सगळी एकदम सोडायची. शंका निघाली तर कागद परत नकाशाकडे, आणि आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. ओरडा खाल्ला असता तर ताई घरी जाऊन रडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. न बोललेलं मात्र अंगात मुरलं. पुढे त्यांना तो नियम शिक्षा वाटेनासा झाला. तो त्यांचा मान झाला. अकरा वर्षांत एक चूक बाहेर गेली नव्हती. किती ग्राहक वाट बघून दुसरीकडे गेले, ते मात्र कुणी मोजलं नव्हतं. त्यांनीही नाही.

त्यांनी नवा कागद घेतला. माप नऊ, ऑफिसचं काम सेहेचाळीस, ग्राहक पस्तीस. चौदा आणि बत्तीस एकत्र. खोटं काहीच नव्हतं त्यात.

शुक्रवारी मालक पंखा बंद करून बसले. कागद उडलेले त्यांना खपत नसत. टेपवाला भिंतीशी उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नव्हता. ताईंनी कागद वाचला. विक्रेते, सूट, माप. फळे मध्येच म्हणाले, "पण जे खरंच घेणार असतात तेच मापाला बोलावतात, ताई. चौदाचं सगळं श्रेय टेपला नाही."

"नाही," ताई म्हणाल्या. "पण निम्मं दिलंत तरी एका विक्रेत्यापेक्षा जास्त भरतं."

मालक गालात हसले. "आणि दिवस?"

"तीस दिवस वाचू शकतात. नव्वदाचे साठ. बाकी काही न हलवता रोजचा एक लाख. दीडपट."

फळ्यांनी मार्कर खाली ठेवला. हे क्वचित घडायचं. "साठात सौदे संपले तर यादीही लवकर रिकामी होईल. तेवढ्या वेगानं नव्या चौकशा आत आल्या तरच लाख टिकेल. पण आपली पोरं अर्धा दिवस 'कोटेशन कधी येतंय' याचीच उत्तरं देत असतात. तो वेळ सुटला, तर आहेत तेवढीच माणसं यादी भरतील." मग ते कागदावर वाकले. "हे सेहेचाळीस... हे नेमके कुणाकडचे?"

ताईंनी पेनाचं टोपण दोनदा दाबलं.

मालकांनी भिंतीकडे बघितलं. "मापांचा घोळ आहे का रे? दोनदा जावं लागतं का तुला?"

"असेल, साहेब," टेपवाला म्हणाला. सहज. जणू कुणाची तरी पिशवी धरायची होती. "गुडघे पूर्वीसारखे नाहीत आता."

"त्याचे नाहीत!" ताई एवढ्या मोठ्यानं बोलल्या की स्वतःच दचकल्या. "त्याचे नऊ आहेत. नकाशाचे चौदा. बत्तीस माझे. माझ्या टेबलावर."

"ताई, नियम आहे तो—" फळे म्हणाले. दोन दिवसांपूर्वी भांडणारा माणूस आता सावरायला आला होता.

"नियम साहेबांचा. पण त्यातल्या आठाचे बत्तीस मी केले. बारीकशी शंका आली तरी परत पाठवत गेले. शंका नाही आली तर मीच शोधून काढत गेले."

मालकांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. मग कागद टेबलाच्या कडेशी जुळवून सरळ केला.

"विक्रेते नकोत," ते शेवटी म्हणाले. "टेपवाला राहील. पण त्याचा पगार या तीस दिवसांतूनच निघायला हवा, हे तुमचंच गणित आहे. सोमवारपासून कोटेशन मुरवायचं नाही. आलं त्या दिवशी तपासायचं आणि सोडायचं. तुमची एकच नजर, ताई. दुसरं कुणी बघणार नाही, मीही नाही."

"आणि चुकलं तर?" हे टेपवाल्यानं विचारलं, अगदी हळू.

"चुकलं तर चुकलं." मालक ताईंकडे बघत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच एवढं सरळ. "मी तेव्हा बोलायला हवं होतं. नियम लावून मोकळा झालो. आता विचारतो. एकदाच बघून सोडवेल तुम्हाला?"

तिघंही त्यांच्याकडे बघत होते. हो म्हणणं सोपं होतं. टेपवाल्यासाठी तर अगदीच सोपं. पण तो हो एकदाच उच्चारून पुरणार नव्हता, रोज उच्चारावा लागणार होता, आणि खोटा हो म्हणजे पुन्हा एक गळलेलं शून्य. नाही म्हणायला जीभ वळेना. खुर्ची मागे सरली. टेपवाल्यानं दाराजवळून बाजूला होत वाट दिली, आणि ताई त्याच्याकडे न बघता, कुणाकडेच न बघता, बाहेर निघून गेल्या.