झोपलेला गोळा

आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. बाबा अंबडच्या एका कारखान्यात होते, कामगार संघटनेचं काम करायचे. आदल्या संध्याकाळी चटईवर गठ्ठा सोडून आम्ही पत्रकांना मधोमध घडी घालायचो आणि सकाळच्या पाळीला ते गेटवर वाटायचे. वाचायला मी त्यावरच शिकले. त्यामुळे अन्याय दिसला की कागद काढायचा, हे माझ्या हाताला सवयीचंच झालं. अशाच एका कागदाबद्दल मला लिहायचं आहे.

आता बाबांसह आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या वीस फ्लॅटच्या इमारतीत राहतो. पार्किंगखाली जमिनीतली टाकी आहे. महापालिकेचं पाणी पहाटे तासभर येतं, ते तिच्यात साठतं आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. हे काम वॉचमन मामा करायचे. ते सुरगाण्याकडचे. मीटरच्या खोलीशेजारी एका खोलीत ते आणि मामी राहायचे. गच्चीवरचा पाइप मागच्या गल्लीत धो धो वाहायला लागला की मामांना कळायचं, टाकी भरली. मग ते सावकाश चालत जाऊन बटण बंद करायचे. तोवर पाणी गटारात.

मी कमिटीवर निवडून आले ती याच मुद्द्यावर. "पाणी कुणाच्या आठवणीवर अवलंबून नको" असं पत्रक मी दारोदार टाकलं. शेवटी स्वयंचलित यंत्रणा बसली.

बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनने मला ती नीट समजावून सांगितली होती. दोन्ही टाक्यांत वायरला लटकणारा एकेक पोकळ गोळा. वरच्या टाकीतला गोळा पाणी उतरून खाली लोंबला की पंप मागतो आणि पाण्याबरोबर वर आला की पंप थांबवतो. खालच्या टाकीतल्या गोळ्याचं उलटं. तो तरंगतोय तोवर पंपाला परवानगी. पाणी संपून तो लोंबला की पंप बंद, नाहीतर कोरडा फिरून जळेल. दोन्ही गोळे हो म्हणाले तरच पंप चालणार. पॅनेलवर एक फिरवायचं बटण होतं, ऑटो आणि मॅन्युअल. मॅन्युअलवर टाकलं की गोळ्यांना कुणी विचारत नाही.

"मॅन्युअल फक्त अडचणीला हं, मॅडम," तो म्हणाला होता.

मी त्याच दिवशी पॅनेलशेजारी सूचना चिकटवली. पॅनेल, वायर, गोळे, कशालाही कुणी हात लावू नये.

मामांनी ती एकेक अक्षर जुळवत वाचली आणि हसले. "म्हंजे मला आता पेन्शनच म्हना की, ताई!"

सगळे हसले. मीही. त्या हसण्यात त्यांना काही विचारायचं होतं का, हे मी पाहिलं नाही. पण कमिटीत कुजबुज सुरू झालीच होती. पंप चालवायचा नाही, तर हा माणूस ठेवायचा कशाला?

दीडेक महिन्याने, एका सकाळी सातच्या सुमाराला, मी ऑफिसला निघाले होते. पंपाचा आवाज येत होता. पॅनेलपाशी मामा उभे होते आणि बटण मॅन्युअलवर होतं.

"मामा, सूचना वाचलीत ना?"

"वाचली. पन गोळा झोपलाय ताई. खालचा. उठतच नाय. झाकण उघडून बघितलं मी, टाकीत लय पाणी हाय. वरती मात्र टाकी रिकामी."

"गोळा झोपत नसतो, मामा."

"मंग या बघायला."

झाकण दहा पावलांवर होतं. मी गेले नाही. माझ्या डोक्यात पत्रक आधीच तयार होतं: आपलं काम जाऊ नये म्हणून एक माणूस नवी पद्धत हाणून पाडतोय. मी बटण फिरवून ऑटोवर आणलं. पंप गप्प झाला.

"बघा," मी म्हणाले, "वरची टाकी भरली म्हणून बंद झाला."

"भरली नाय, ताई."

मी पॅनेलला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि निघाले.

नऊला फोन सुरू झाले. कुणाच्या डोक्याला साबण, कुणाची भांडी तशीच. मी काय करायला हवं होतं? गच्चीवर कुणाला तरी पाठवायला हवं होतं. मी लिहायला बसले. "एका कर्मचाऱ्याला सकाळीच पॅनेलशी छेडछाड करताना पकडण्यात आलं आहे. वीस घरांचं पाणी तोडणारा हात ओळखा." खाली सही, "जागरूक सभासद". दुपारी अर्धी रजा टाकून, छापून आणून, लिफ्टशेजारी चिकटवलं. संध्याकाळी कमिटीने मामांना काढलं. मीही हात वर केला.

मामी गोधड्या बांधत होती. जाताना मामा फक्त म्हणाले, "गोळ्याला हात लावायचा नाय म्हून तुमीच लिवलं होतं. म्हून बटण फिरवलं. नायतर काठीनं ढोसून उठवला असता." दोघं सुरगाण्याच्या जीपकडे निघाले.

बाबा लिफ्टपाशी उभं राहून माझा कागद वाचत होते. वर आल्यावर एवढंच म्हणाले, "खाली नाव कुठंय? नावाशिवाय लिहितात त्याला पत्रक नाही म्हणत, पोरी. चुगली म्हणतात."

ती रात्र सगळ्यांनी बाहेरून आणलेल्या पाण्यावर काढली. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. वायर तपासण्याआधी त्याने टाकीचं झाकण उचललं आणि आत टॉर्च मारला. पाणी काठोकाठ. गोळा मात्र लोखंडी शिडीच्या पायरीखाली अडकून, तोंड खाली करून, पाण्यात बुडालेला. टाकीत पाणी नाही, असंच तो सांगत राहिला होता. इलेक्ट्रिशियनने काठीने ढोसलं. गोळा टुणकन वर आला आणि पंप सुरू झाला.

"शिडीपासून लांब टांगायला हवा होता, चूक माझी," तो म्हणाला. "पण हे झाकण उघडताच दिसतं. तुमच्या माणसाने सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

मी कागद फाडून काढला. कमिटीपुढे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय पुढे ढकलला. आता पंप आपोआप चालतो, वॉचमन कशाला?

मामांचा फोन चार दिवसांनी लागला. ते दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला लागले होते.

"मामा, चूक माझी होती."

त्यांनी विचारलं, "गोळा उठला का?"

"उठला. काठीनेच."

"मंग झालं."

"परत याल का? मी कमिटीशी भांडते."

"तुमी भांडाल, ताई. पन मंग रोज सगळी माझ्या हाताकडं बघतील." पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. "त्यो कागद भाच्यानं वाचला. सोसायटीत दूध टाकायला येतो त्यो. गावात सांगितलं त्यानं. आता दुसरा लावणार असाल तर त्याच जागी लावा. तेवढाच मोठा."

मी लावला. त्याच जागी, तेवढाच मोठा. मामांनी काय सांगितलं होतं आणि मी काय पाहायचं टाळलं, ते लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं. तो तिथे आठवडाभर होता. दूध टाकायला येणारा मुलगा त्याच्यासमोर थांबलेला मी एकदा पाहिला. त्याने शेवटपर्यंत वाचलं, क्रेट उचलला आणि माझ्याकडे न बघता जिना चढून गेला.