गावाच्या रकान्याची चूक

मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, ते लिहितो. ज्या चुकीपायी आमच्या शेतकी विभागातल्या एका चिटबॉयच्या, म्हणजे शेतावर जाऊन ऊसनोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, सेवापुस्तकात शेरा बसला, ती चूक माझी होती. ती माझी आहे हे मला तक्रार आली त्याच दिवशी दुपारी जेवायच्या आत कळलं होतं.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. राहायला बारामतीत, रोज मोटारसायकलवर येणं-जाणं. कुठल्या शेतातला ऊस कधी तुटणार याची यादी माझ्या प्रोग्रॅममधून निघते. लागणीची तारीख ज्याची आधी, त्याचा नंबर आधी. ही यादी यायच्या आधी तोडणीचं सगळं ओळखीवर आणि आवाजावर चालायचं. माझ्या यादीत संचालकाच्या मेव्हण्याचा ऊस एकदा शेवटच्या पानावर गेला. तो भांडायला आला आणि आपली लागण तारीख बघून गप परत गेला. त्या दिवशी माझी छाती फुगली होती. आजही सांगताना फुगते, खोटं कशाला बोलू?

यादी दोन तक्त्यांवरून बनायची. सभासद तक्त्यात सभासद क्रमांक, नाव आणि राहायचं गाव. नोंद तक्त्यात सभासद क्रमांक, गट नंबर, उसाची जात आणि लागण तारीख. चिटबॉय शेतावर जाऊन नोंद घेणार, आम्ही ती संगणकात भरणार. दोन्ही तक्ते जोडायला मी नॅचरल जॉइन वापरला होता. त्याला काही सांगावं लागत नाही. दोन्हीकडं ज्या रकान्याचं नाव सारखं, तो रकाना धरून तो ओळीला ओळ जोडतो. इथं सारखा रकाना एकच, सभासद क्रमांक. चार हंगाम बिनघोर चाललं.

पाचव्या हंगामाआधी शेतकी अधिकारी म्हणाले, "अहो, यादीत सभासद राहतो ते गाव येतंय. टोळी तिथं जाते आणि ऊस असतो दुसरीकडंच. शेताचं गाव टाका." मी नोंद तक्त्यात एक रकाना वाढवला, सगळ्या नोंदींना शेताचं गाव भरलं आणि रकान्याला नाव दिलं 'गाव'. सभासद तक्त्यातल्या रकान्याचंही नाव 'गाव'च होतं. यादी काढली. गावाचा रकाना एकदाच आला, कुठं लाल अक्षर नाही, तक्रार नाही. मला वाटलं, किती साफ काम झालं. विभाग कार्यालयाच्या फळ्यावर यादी लागली.

दोन दिवसांनी एक मावशी फळ्यासमोर उभ्या राहिल्या त्या हलेनातच. राहायला निमगाव केतकी, ऊस निरवांगीला, माहेरच्या वाट्याच्या रानात. लागण अगदी सुरुवातीची.

"माझं नाव कुठंय ह्यात? पावती हाय माझ्याकडं."

चिटबॉय तिथंच होता. चाळिशीतला, शांत माणूस. त्यानं आपलं नोंदीचं पुस्तक उघडून दाखवलं. "मावशी, मी नोंद दिलीया. ही बघा."

"मग यादीत का न्हाय? तुरा आलाय उसाला. वाळल्यावर काय तुझ्या दारात आणून टाकू व्हय?"

लोक हसले. अधिकाऱ्यांनी पुस्तक हातात घेतलं. "हे मागाहूनही लिहिता येतं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. मग मला फोन केला, "बघा हो, आहे का तिची नोंद."

मी बघितलं. नोंद तक्त्यात मावशींची ओळ होती, वेळच्या वेळी भरलेली. सभासद तक्त्यातही होती. दोन्ही जोडले की नव्हती. मी दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या. इकडं गाव निमगाव केतकी, तिकडं गाव निरवांगी.

दोन रकाने सारख्या नावाचे झाल्यावर नॅचरल जॉइन दोन्ही धरून जोडायला लागला होता. सभासद क्रमांकही जुळला पाहिजे आणि गावही. ज्याचं घर आणि रान एकाच गावात, तो यादीत राहिला. ज्याचं रान दुसऱ्या गावात, तो गळाला. पहिल्या पंधरवड्याच्या यादीतून असे चौघं गळाले होते, त्यातल्या तिघी माहेरच्या रानात ऊस असलेल्या बायका. बाकीच्यांनी अजून फळा बघितला नव्हता, एवढंच.

मी नॅचरल जॉइन काढून तिथं यूझिंग लिहिलं आणि कंसात फक्त सभासद क्रमांक. म्हणजे जोडायचं ते याच रकान्यावर, बाकी नावं सारखी असोत नाहीतर नसोत. आणि प्रोग्रॅम लगेच अडला! 'गाव' म्हणजे कुठल्या तक्त्यातलं, हे संदिग्ध आहे म्हणाला. मी नोंद तक्त्यातलं गाव असं स्पष्ट लिहिलं. चौघांचीही नावं आली, मावशींचं सगळ्यात वर. पहिल्यापासून यूझिंग असतं, तर रकाना वाढवला त्याच दिवशी मशीननं मला हटकलं असतं.

अधिकाऱ्यांना मी फोन केला. म्हणालो, "आता दिसतंय नाव, साहेब." फक्त एवढंच. 'आता' या शब्दावरून नोंद उशिरा आली असं त्यांनी समजून घेतलं, आणि मी घेऊ दिलं. ओळ कधी भरली होती ती तारीख माझ्यासमोर होती. मेव्हण्याला गप बसवणारी ती यादी चुकली असं कुणी म्हणू नये, यासाठी मी ती तारीख त्यांना वाचून दाखवली नाही.

आठ दिवसांत मावशींचा ऊस तुटून कारखान्यात गेला. चिटबॉयची बदली लासुर्ण्याच्या बाजूला झाली, आणि सेवापुस्तकात शेरा आला: नोंदीस दिरंगाई.

त्यानंतर माझ्या यादीतून एकही शेत सुटलेलं नाही. यादी छापण्याआधी नोंदी किती आणि यादीत आल्या किती हे प्रोग्रॅम आता स्वतः ताडून बघतो. शेजारच्या तालुक्यातले लोक येऊन बघून गेले. त्याचा मला अभिमान आहे.

गेल्या महिन्यात विभागात नवीन आलेली इंजिनीअर मुलगी म्हणाली, "सर, हे सगळीकडं यूझिंग कशाला? नॅचरल लिहिलं तर अर्ध्या ओळीत होतंय."

मी तिला कागदावर दोन तक्ते काढून दाखवले. ती हुशार आहे, मी निम्म्यावर आलो तेवढ्यात तिला कळलं.

"अय्या, म्हणजे उद्या कुणी दोन्हीकडं शेऱ्याचा रकाना टाकला तरी यादी बदलणार?"

"बदलणार. आणि सारखा रकाना एकही उरला नाही, तर प्रत्येक सभासदाला प्रत्येक नोंद चिकटणार. तेव्हाही हू की चू नाही. यूझिंगमध्ये कंसातला रकाना एका जरी तक्त्यातून गेला तरी प्रोग्रॅम चालायलाच नकार देतो."

"आपल्याकडं झालंय का कधी असं?"

"ऐकलंय," मी म्हणालो.

ती मान डोलावून कामाला लागली. मला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही. एकदा गप बसलो होतो, आता सरळ खोटं बोललो होतो, तेही शिकवताना.

चिटबॉय अजून लासुर्ण्यालाच आहे. त्याच्या नोंदी आजही माझ्याकडं येतात. अक्षर सुबक, खाडाखोड नाही, तारीख कधी चुकलेली नाही. भेटला की "काय भाऊ, बरं हाय न्हवं?" विचारतो. आपली नोंद का दिसली नव्हती, हे त्याला अजून माहीत नाही.

ओळ भरल्याची तारीख मी छापून ठेवली आहे. ती जोडून, चूक माझी होती असं लिहून, तो शेरा काढण्याचा अर्ज मी द्यायला हवा. आणि ज्या फळ्यासमोर लोक त्याला हसले, तिथं उभं राहून हे त्याला सांगायला हवं. दोन्ही अजून केलेलं नाही.