सुभेदाराचा धंदा कोणता?

सन १९४६. माझं वय त्रेचाळीस. पलटणीतून पेन्शनीवर आलो तेव्हा खांद्यावर दोन तारे होते आणि गावात आल्यावर बसायला लहान भावाची ओसरी. धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, त्यानंच खंडानं केलेली. तिच्यात त्याचंच घर कसंबसं भागे. पेन्शनीत माझं भागत नव्हतं. घरची रोज सांजेला एकच बोले, "देराच्या चुलीवर किती दिस खावाचं जी? काई पाहा ना."

फौजेतून सुटलेल्यांना काम लावून देणारा एक कारकून नागपूरहून गोंदियाला येऊन बसे. गेलो. माझ्याच कंपनीतला एक ड्रायव्हर माझ्यापुढं होता. त्याच्या कार्डावर 'ड्रायव्हर' लिहिलं, झालं. स्वयंपाक्याचंही तसंच. माझी पाळी आली. कारकून स्वतः फौजेतला हवालदार, मला पाहून उठून उभा राहिला. पण माझं सर्व्हिस बुक चाळलं आणि परत पहिल्या पानावर गेला.

"सुभेदार साहेब, धंद्याच्या रकान्यात तुमचं काहीच नाही."

"सुभेदार लिहिलं आहे ना!"

"तो हुद्दा झाला. गिरणीवाला शेठ विचारेल, हा माणूस करतो काय?"

"हुकूम देतो."

"हुकूम द्यायला शेठ स्वतः आहे, साहेब."

राग आला. उठून जाणार होतो, पण जाणार कुठं? भावाच्या ओसरीवरच. बसलो.

मग त्यानं युक्ती काढली. म्हणाला, हुद्दा सोडा, सकाळपासून सांजेपर्यंत काय करत होता ते सांगा. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. फॉलिनला, जवान रांगेत उभे करून, गिनती घेत होतो, त्याचं झालं मजुरांची हजेरी. किट तपासणं म्हणजे मालाची तपासणी. राशन मागवून वाटणं म्हणजे साठा आणि वाटप. गार्डाच्या पाळ्या लावणं म्हणजे गोदामाचा पहारा. कंपनीत साहेबाच्या खालोखाल मी, ते झालं 'शंभरावर माणसांवर देखरेख करणारा दुय्यम अधिकारी'. मोर्चेबंदी, हल्ला मी सांगितलं तर म्हणे, "ते मेडलांसोबत घरी ठेवा." ठेवलं.

"आणखी?"

"अर्ज-रिपोर्ट. जवानाला काही म्हणायचं असलं, सुट्टी, घरचं, कोणी मारलं, तर तो आधी माझ्याकडे येई. मी ऐकून साहेबापुढं नेई. हेच खरं काम. बाकी तर नाईकही करतो."

त्यानं लेखणी वर उचलली. "हेही लिहायचं का?"

"लिही."

'मजुरांच्या तक्रारी ऐकून मालकापर्यंत पोचवणे.' त्यानं लिहिलं, मला मराठीत वाचून दाखवलं, मग इंग्रजीत टाइप केलं. वर सुभेदार हा शब्द राहिलाच पाहिजे म्हटलं, तोही राहिला.

तो कागद घेऊन धानाच्या गिरणीच्या शेठकडे गेलो. मला इंग्रजी येत नाही, शेठलाही नाही. मुनीम वाचून हिंदीत सांगे आणि शेठ मान डोलवे. हजेरी, साठा, पहारा, सगळं पसंत. शेवटच्या ओळीवर मान थांबली.

"ये क्या है, सुभेदारजी? हमालांची तक्रार तुम्ही ऐकणार?"

"ऐकायची नाही तर साहेबाला कळणार कसं, माणूस काऊन बिघडला?"

"पण साहेबाला कळून घ्यायचंच नसेल तर?" शेठ हसला, मुनीमही हसला. "एकाचं ऐकलं की उद्या सगळे रांग लावतील. बाकी आदमी आपके जैसा ही चाहिए. जोरदार आवाज, मिशी. हमाल दबून राहतील."

मी म्हटलं, ती ओळ माझी आहे, खोडायची नाही. शेठ म्हणाला, "तुम्ही नका खोडू." मुनीमाच्या हातातून टाक घेतला आणि माझ्यासमोर आडवी रेघ ओढली. "कल सुबह से आइए."

पलटणीत असतो तर सॅल्यूट ठोकून मागं फिरलो असतो, पुढचं साहेबानं पाहिलं असतं. इथं रेघ मारलेला कागद उचलला आणि निघालो. बाहेर कोंड्याचा ढीग, बैलगाड्यांची रांग, आणि तोंडाला फडकी बांधून पोती वाहणारी माणसं. त्यांतलं कोणी मान वर करून पाहत नव्हतं. आपण काय विकून आलो ते मला तेव्हा कळलं. आवाज आणि मिशी.

घरी सांगितलं, काम लागलं. घरचीनं भावजयीला लगेच सांगून टाकलं की आता आपण वेगळी चूल मांडतो. ते ऐकल्यावर माघारीची वाटच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या आवारात हमालांची रांग लावून हजेरी घेतली. मुनीम दारात उभा होता. हजेरी संपली तसा पलटणीतल्याच आवाजात विचारलं, "कोणाले काई अर्ज आहे?" कोणी बोललं नाही. मी तिथंच थांबलो, आणि पुन्हा विचारलं.