न हललेला भाव

देगलूरच्या सराफाच्या दुकानात मी पोत ओवते. मान खाली घालून बसायचं काम, म्हणून माझ्यासारख्या लाजाळू बाईला जमतं. कानावर मात्र सगळं पडतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी माझी बहीण तिच्या लेकीचं मंगळसूत्र घ्यायला आली. पैसे जेवढे होते तेवढेच होते, त्यात सोनं बसवायचं होतं. सोबत तिचे दीर, लातूरला शाळेत शिकवतात. आमच्याकडे पैसे भरून भाव बांधता येतो. मग पुढे सोनं चढलं तरी बांधलेलाच भाव. मणी निवडून बहीण पैशांची पिशवी उघडतच होती, तर भाऊजींनी मोबाईल काढला.

"थांबा वहिनी. एकाच मिनिटाला तीन वेबसाइटवर तीन भाव! सगळा लुटारूंचा बाजार."

शेठ हसले. "सर, तिघांचे झरे वेगळे हायत. पहिली परदेशातल्या बाजाराचा डॉलरमधला भाव घेते अन् रुपया, आयातकर आपल्या हिशोबानं लावते. दुसरी मुंबईच्या वायदेबाजाराचा देते, म्हंजे पुढच्या तारखेचा सौदा. तिसरी सराफांच्या संघटनेचा. तो दिवसातून दोनदाच निघतो, मधे तसाच राहतो."

"तिसरा सगळ्यात कमी हाय," भाऊजी म्हणाले, "अन् तासभरात हलला न्हाई. खरा भाव असा स्थिर असतो. बाकीचे उड्या मारून राहिले. उद्या तुम्हालाही याच भावावर यावं लागंल, शेठ."

माझ्या हातातली सुई थांबली. तो आकडा पक्का नव्हता, शिळा होता. इतकी वर्षं ऐकून मला चौथी पासला ते कळत होतं. मी हळूच म्हटलं, "भाऊजी, त्याच्याखालची येळ बघा की."

"तुम्ही मणी ओवा, बाई."

बहिणीनं दिराच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी बंद केली.

शनिवारी, रविवारी संघटनेचा भाव निघतच नाही. भाऊजींचा तर आनंद मावेना. दोन्ही दिवस बहिणीला फोन: "बघा, तसूभर हलला न्हाई!" बंद पडलेल्या घड्याळाचे काटे कधी हलत नाहीत म्हणून कुणी त्याला ओवाळावं, तसं हे.

सोमवारी दुपारी नवा भाव निघाला आणि त्यांचा स्थिर आकडा एका उडीत बाकीच्या दोघांजवळ जाऊन बसला. शेठच्या शुक्रवारच्या भावापेक्षाही कितीतरी वर. बहिणीबरोबर दुकानात आलेले भाऊजी मोबाईल झटकत म्हणाले, "नेटवर्क खराब हाय."

बहिणीच्या तेवढ्याच पैशांत नव्या भावानं बसले तेवढे सोन्याचे मणी शेठनं वजन करून माझ्या पुढ्यात ठेवले. शुक्रवारी बहिणीनं निवडले होते त्यातले चार कमी. मी तिथं काळे मणी ओवले. लेकीला ते कळणारसुद्धा नाही.

लग्नात भाऊजी मांडवभर सांगत होते, सोनं भाव बघूनच घ्यावं. मी नवरीच्या गळ्याकडे पाहिलं आणि चार जागा मोजल्या.