एकाच ओळीत कोंबलेली माणसं

नाशिकरोडच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या निकमबाई म्हणींचा संग्रह इंग्रजीत आणत होत्या. तळटीप म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. “टीप म्हणजे अनुवादकाची हार,” असं त्या संपादक तेजलला फोनवर ठणकावत आणि प्रत्येक म्हणीला तयार इंग्रजी म्हण जोडून मोकळ्या होत.

पहिलं प्रकरण तपासताना मात्र एकच इंग्रजी ओळ पुन्हा पुन्हा समोर आली. चिडून त्यांनी मूळ मराठी म्हणी शेजारी मांडल्या. अर्थ खरोखर एकच होता. पण एक म्हण कुंभाराच्या चाकावरची, एक नव्या सुनेच्या चुलीपुढची, एक घोटीकडच्या भातखाचरातली, एक मेंढपाळाची. बाई बघतच राहिल्या. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना तेच शहाणपण आपापल्या कामात सापडलं होतं, आणि आपण सगळ्यांच्या अंगात एकच कोट चढवला!

त्यांनी तेजलला फोन लावला. “शब्दशः अनुवाद वर घेऊ. खाली टीप, आणि इंग्रजी म्हण त्या टिपेत.”

“बाई, पुस्तक दुप्पट होईल!”

“होऊ दे. एवढी माणसं यायची, तर जागा नको का?”